पुढची दोन, मागची दोन

बेळगुंदीला वाटण्या नवीन नाहीत. शेतं वाटली जातात, घरामागची परडी वाटली जातात, एका घरात तर फणसाच्या झाडाचे फणस उगवतीचे थोरल्याला आणि मावळतीचे धाकट्याला असे वाटून दिल्याचं म्हातारी माणसं अजून हसत सांगतात. पण गाडीची वाटणी गावानं पहिल्यांदाच पाहिली.

गाडी रचनाच्या सासऱ्यांची. सेकंड हँड घेतलेली, पण रुबाबदार आणि चारी चाकांना इंजिनाची ओढ असलेली. पावसाळ्यात तांबड्या चिखलातून शेताच्या बांधापर्यंत गुमान जायची. सासरे दोन वर्षं तिच्यात मिरवले आणि देवाघरी गेले. पुढं परशराम आणि ओमकार या दोघा भावांची वाटणी झाली. रान वाटलं, घराच्या मधोमध भिंत आली. सासूबाईंनी, यशोदाबाईंनी, एकच गोष्ट अडवून धरली. "ह्यांची गाडी इकायची न्हाय. मी हाय तवर दारात उभी ऱ्हाईल."

विकायची नाही म्हटल्यावर खर्च कुणी करायचा? पंच म्हणून बसलेल्या चुलत्यांनी डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. पुढचा भाग थोरल्याचा, मागचा धाकट्याचा. पुढचे दिवे, पुढची काच, पुढची दोन चाकं परशरामनं बघायची. मागची दोन चाकं, डिकी, मागचे दिवे ओमकारनं. इंजिन दोघांचं. बैठक उठली तेव्हा कोणीतरी विचारलं, "आणि हॉर्न कुणाचा?" तर यशोदाबाईच म्हणाल्या, "माझा. मलाच तुमच्या दोघांवर वरडाय लागतंय."

सगळे हसले. हसण्यावारी नेलेली गोष्ट मग दोन्ही भावांनी मात्र अगदी निष्ठेनं पाळली.

ओमकारची बायको रचना. तिचं माहेर निपाणीचं. वडील लवकर गेले. आई बायाक्का, उभा जन्म विड्या वळून मुलीला पदवीपर्यंत शिकवलेली बाई. तिला दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. शेजारच्या अंबुबाई जेवणखाण बघायच्या, औषध द्यायच्या, पण बायाक्काला उठवून चालवायचं धाडस त्यांना होत नसे. "पडली बिडली तर माझ्या माथ्याला," म्हणायच्या. चालवणारी एकटी रचना. दर गुरुवारी जायची. आईला ऊन पाण्यानं अंघोळ घालायची, केस विंचरायची, तेल लावून हात-पाय चोळायची, आणि मग काखेत हात घालून भिंतीच्या कडेनं तिला उंबऱ्यापर्यंत न्यायची. गुरुवार तिचा दत्ताचा उपासाचा वार. आईची अंघोळ झाल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नसे. हा नेम तिला कुणी सांगितला नव्हता, आपोआप पडला होता.

एस.टी.नं जायचं म्हणजे आधी बेळगाव, तिथून निपाणी, आणि परतीची गाडी चुकली की जीव टांगणीला. म्हणून तिनं गाडी शिकायची ठरवलं. गावाला नवल वाटलं. परशरामला पसंत नव्हतं, पण सासूबाई म्हणाल्या, "शिकू दे. आईसाठनं शिकतिया, शिनेमाला जायाला न्हाय." घरात परशरामला सगळे अण्णा म्हणत. अण्णा गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ होकार नसतो, हे रचनाला ठाऊक होतं.

ती हळू शिकली, पण नीट शिकली. उद्यमबागच्या फाउंड्रीत नोकरीला असलेला ओमकार रविवारी तिच्या शेजारी बसायचा आणि पाच मिनिटांत घोरायला लागायचा. नवरा झोपतो म्हणजे आपल्याला बरी येत असणार, अशी तिनं मनाची समजूत घातली. पुढं वर्षभर दर गुरुवारी ती बेळगावला वळसा घालून हायवेला लागायची, यमकनमर्डी, संकेश्वर मागं टाकत तवंदी घाट उतरायची आणि दहाच्या आत आईच्या दारात. दाराबाहेर गाडीचा आवाज आला की बायाक्का डाव्या हातानं पदर सारखा करायला घ्यायची, असं अंबुबाई सांगत.

पावसाळ्याच्या तोंडाला पुढचे टायर गुळगुळीत झाले. पुढचे, म्हणजे अण्णांचे. अण्णांची रताळ्यांची पोती, खताच्या गोणी याच गाडीतून जायच्या, शेताच्या वाटेला चाकोऱ्या खोल पडलेल्या. बेळगावच्या दुकानदारानं विचारलं, "हेच माप देऊ की जरा उंच? चिखलाला उंच बरं." अण्णांना उंच पटलं. त्यांनी उंच घेतले.

गौरी-गणपती झाले आणि मागचे झिजले. मागचे ओमकारचे. फाउंड्रीतल्या एका मित्रानं नव्या गाडीला रुंद टायर घालायचे म्हणून मूळचे कोरे करकरीत काढून ठेवले होते. ओमकारनं रिमचा आकडा पाहिला, सतरा. आपलाही सतराच. बसले की झालं. टायर जरा बुटके होते. "हायवेला बुटकं बरं, गाडी हलत न्हाय," मित्र म्हणाला. ओमकारला वाटलं, बायको दर आठवड्याला हायवेनं जाते, तिच्यासाठी बरंच झालं.

गाडी नाक जरा वर करून उभी राहायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "आता कशी ऐटीत हाय बघा." समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागू लागला. अण्णा म्हणाले, "जुनी गाडी हाय, दिवा लागायचाच."

त्यानंतरच्या दुसऱ्याच गुरुवारी, आईच्या गल्लीत गाडी वळवताना रचनाला काहीतरी वेगळं जाणवलं. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की गाडी अडखळायची. कुणीतरी मागून पदर धरावा आणि सोडावा, पुन्हा धरावा, तशी. पुढच्या खेपेला सरळ रस्त्यावर पायाखालून बारीक गुणगुण ऐकू यायला लागली, वेग वाढला की सूर वर चढायचा. आणि संकेश्वरच्या पुढं करपट वास. कढईत तेल विसरल्यासारखा.

तिनं घरी सांगितलं.

अण्णा ओसरीवर सुपारी कातरत होते. "परवा मी खत आणलं. मला न्हाय कसला वास आला."

"गावातल्या गावात येत नाही, अण्णा. लांब गेलं की येतो."

"लांब कोण नेतंय?" अण्णांनी मान वर केली नाही. "क्लचवर पाय ठिवून चालिवत्यात बायका. मग जळका वास येतोय. वळताना बी अर्धा क्लच धरत आसशील."

"मी क्लचवर पाय ठेवत नाही."

"आपल्याला कळत न्हाय गं, ठेवतोय त्ये." हे थोरली जाऊ अक्काताई. तिनं आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पण स्वर समजुतीचा होता आणि तोच रचनाला जास्त लागला.

रात्री ओमकारही म्हणाला, "जरा बघ की पायाकडं. अण्णा उगंच बोलायचं न्हाईत."

तिनं बघितलं. पुढच्या गुरुवारी बेळगाव सोडल्यावर डावा पाय तिनं मुद्दाम पेडलपासून हातभर लांब ठेवला. गुणगुण तशीच आली. वास तसाच आला. आणि आपण खोट्या नाही हे कळूनही तिला बरं वाटलं नाही, कारण हे सांगायचं कुणाला?

अण्णांनी तोवर फर्मान काढलं होतं. "ही शेवटची खेप. दिवाळीपासनं गाडी घरात ऱ्हाईल. बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच हुतंय. निपाणीला जायला यस्टी हाय."

एस.टी. होती, खरंच. पण मध्यंतरी एकदा एस.टी.नं गेली तेव्हा ती दुपारी पोहोचली होती. आई वाट बघून पुन्हा निजली होती. अंघोळ उरकेपर्यंत परतीची वेळ झाली आणि चालवणं राहून गेलं. त्यानंतरच्या खेपेला उजवा पाय उचलायला बायाक्काला इतकं जड गेलं की डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "चालणं मोडू देऊ नका. एकदा पाय विसरला की पुन्हा शिकवणं अवघड."

ती शेवटची खेप सुरळीत होईल, निदान एवढं तरी, असं म्हणत रचना त्या गुरुवारी निघाली. सकाळी दत्ताला हात जोडले. मागितलं काही नाही. फक्त म्हणाली, "पोहोचव."

पोहोचली नाही. संकेश्वर गेल्यावर गुणगुणीचं किंकाळणं झालं. तवंदी घाटाच्या उतारावर वळण घेताना खालून खडखड खडखड असा आवाज आला, पायाखालची पत्र्याची जमीन हादरली आणि गाडी मागून कुणी ओढून धरल्यासारखी जड झाली. तिनं घाबरून ब्रेक दाबला नाही. हळूहळू कडेला घेतली, हँडब्रेक लावला, इंजिन बंद केलं, खाली उतरून चाकामागं दगड ठेवला.

अंबुबाईंचा भाचा जोतिबा, निपाणीत हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज. तिनं त्याला फोन लावला.

"काय आवाज आला, आक्का? सांग बरं, जसा आला तसा."

तिनं सांगितलं. गल्लीतलं अडखळणं, गुणगुण, वास, खडखड, सगळं क्रमानं.

"वळताना अडखळतीया आणि सरळ रस्त्याला गुणगुणतीया. किती दिवस झालं?"

"महिना-सव्वा महिना."

"गाडी ढकलू नको. दोरीनं वढायची न्हाय. मी क्रेनवाल्याला सांगतो, चारी चाकं वर घिऊन आणंल. दोन चाकं रस्त्यावर फिरली तर आतलं हाय त्ये बी जाईल."

क्रेनवाला कानडी बोलणारा होता. त्यानं गाडी सपाट फळीवर चढवली, साखळ्या आवळल्या, "आय्तु री," म्हणजे झालं, असं म्हणाला आणि तिला शेजारी बसवून घाट उतरला. रस्त्यात तिनं ओमकारला फोन केला. ओमकारनं अण्णांना केला. दोघं भाऊ, वाटणीनंतर पहिल्यांदाच, एका मोटरसायकलवर बसून निपाणीला निघाले. त्यांना काय बोलायचं असेल ते तिला न सांगता कळत होतं.

जोतिबा पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, बोलायला मोकळा. आपल्या हुशारीबद्दल त्याला कसलाही संकोच नव्हता. "कोल्हापूरपातूर चारचाकी ओढीच्या गाड्या माझ्याकडं येत्यात," तो आल्यागेल्याला सांगायचा. गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेऊन तो खाली उतरला, तोवर भाऊ येऊन ठेपले.

अण्णांनी हेल्मेट काढलं आणि रचनाकडं न बघता म्हणाले, "काय गेलं? क्लच?"

"क्लच झकास हाय," खड्ड्यातून आवाज आला. "नव्या नवरीगत."

अण्णांना हे अपेक्षित नव्हतं. "मग?"

"थांबा की वाईच. काढतोय."

त्यानं गाडीच्या पोटाखालच्या एका पेटीचा स्क्रू सोडला. खालच्या थाळीत तेल पडलं. काळं, पाण्यासारखं पातळ, आणि त्याचा वास साऱ्या गॅरेजभर झाला. रचनानं ओळखला. तोच वास. स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक होतं, त्यावर चकचकीत चुऱ्याचा गुच्छा चिकटून आला होता, रांगोळीत चमकी मिसळावी तसा.

"हे तेल न्हवं, हे रडणं हाय," जोतिबा वर आला, हात पुसले. "ही ट्रान्स्फर केस. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधनं हिच्यात येती. हितनं एक शाफ्ट पुढच्या चाकास्नी जातोय, एक मागच्या. मधी डिफरन्शियल. वळणावर पुढची चाकं जरा जास्त वाट चालत्यात, मागची जरा कमी. तेवढा फरक हे डिफरन्शियल पोटात घालतंय. त्येच्या जोडीला चिकट तेलाचा एक बंद डबा असतो. पुढची चाकं चिखलात नुसतीच गरगर फिराय लागली समजा, तर फरक लई वाढतोय, डब्यातलं तेल तापून घट्ट हुतंय आणि दोन्ही शाफ्ट आवळून धरतंय. मग मागची चाकं गाडीला भाईर काढत्यात. कळालं?"

"कळालं," अण्णा म्हणाले. "चिखलात मी लई येळा बघितलंय."

"पण ह्यो डबा डांबरी रस्त्यावर बी आवळून बसलाय. कायमचाच. त्यानं वळताना अडखळती. आणि ह्या पेटीतली साखळी एवढी ताणलीया की दात सोडून उड्या मारतीया, तीच खडखड. पुढचं-मागचं डिफरन्शियल बघितलं, त्यांचं बी तेल काळं झालंय. आता ह्ये का झालं, ह्ये मला इचारा."

"चालवताना काहीतरी..." अण्णांनी सुरुवात केली.

"चालवताना न्हवं." जोतिबा गाडीभोवती फिरला. पुढच्या चाकापाशी वाकला. मागच्या चाकापाशी वाकला. मग परत पुढच्या. आणि एकाएकी मांडीवर थाप मारून हसायला लागला. "ह्ये कुणी केलं?"

"काय?"

"पुढं सत्तर, मागं साठ! टायरच्या कडंला लिवलंय की. रिम सतराच हाय, त्यानं बसलं. पण ह्यो उंचीचा आकडा बघितलासा काय?"

त्यानं खडू घेतला. गाडी चालवता येत नव्हती, म्हणून पुढचं एक आणि मागचं एक चाक काढून जमिनीवर उभं केलं. दोन्ही चाकांना जिथं जमीन लागते तिथं खडूची खूण, खाली फरशीवर खूण. मग एकेक चाक बरोबर एक फेरा गडगडत नेलं आणि जिथं खूण पुन्हा जमिनीला लागली तिथं रेघ ओढली. दोन रेघांत जवळजवळ सहा बोटांच्या वर फट.

"एका फेऱ्याला एवढा फरक," तो म्हणाला. "आता बेळगावपासनं निपाणीपातूर किती फेरं हुत्यात, मोजा तुमीच. मागच्या बुटक्या चाकास्नी जादा फिरायला लागतंय. सरळ रस्त्यावर बी, सारखं, इसावा न्हाय. त्या डब्याला वाटतंय, गाडी चिखलात रुतलीया. म्हणून तो आवळतोय. आवळला की दोन्ही शाफ्ट एकाच गतीनं फिरा म्हणतोय, आणि चाकं म्हणत्यात आमी न्हाय फिरणार. मग कोण मरंल? मधला."

"मला गावात कधी वास आला न्हाय," अण्णा हळूच म्हणाले. तक्रार नव्हती, आठवणं होतं.

"गावात किती जाता? शेतावर, सोसायटीत. तापायच्या आत थांबती. ही आक्का तासभर सलग हायवेनं येती. म्हणून हिलाच कळालं. हिनं फोनवर जसं सांगितलं तसं सांगणारं गिऱ्हाईक मला वर्सात एक मिळत न्हाय."

हायवेवरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला.

मग ओमकार म्हणाला, "पुढचं टायर अण्णांनी घेतलं. मूळ मापाचं घेतलं असतं तर..."

"का? मागचं तू कुठलं मूळ मापाचं घेतलंस?"

"मी बुटकं घेतलं त्ये हायवेला बरं म्हणून!"

"आणि मी उंच घेतलं त्ये खताची गोणी काय तुझी फाउंड्री आणणार हाय म्हणून?"

"तुमचं पुढचं बदला."

"माझं पयलं बसलं हुतं. तुझं मागनं आलं. तू बदल."

जोतिबा एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होता. त्याला वाटणीची गोष्ट ठाऊक नव्हती, ती ओमकारनं रागारागात दोन वाक्यांत सांगितली. जोतिबानं डोक्याला हात लावला. "अर्धी गाडी तुमची, अर्धी ह्यांची? आरं देवा! आणि मी म्हणतोय कुठल्या शहाण्यानं ह्ये केलं. दोन शहाण्यांनी केलंय."

"बरं, आता काय करायचं सांगा," ओमकार म्हणाला. "अण्णा पुढचं दोन मूळ मापाचं घेत्याल, मी मागचं दोन."

"न्हाय जमायचं. एकानं आज घेतलं, दुसऱ्यानं सा म्हैन्यानं, तर माप एक असलं तरी झीज एक न्हाय. झिजलेलं चाक म्हंजे बुटकं चाकच की. चारी एकदम घ्यायची, एका जातीची, दाराच्या कडंला कंपनीनं लिवलंय त्या मापाची. आणि म्हैन्या-दोन म्हैन्यानं न्हवं, पण ठरलेल्या अंतरानं पुढची मागं घालायची, मागची पुढं. तवा चारी सारखी झिजत्यात."

अण्णांची भुवई वर गेली. "पुढची मागं?"

"व्हय."

"म्हंजे माझी दोन त्याच्याकडं जाणार?"

"आणि ह्यांची तुमच्याकडं. आणि परत उलटं. तुमी कुणाचं टायर कुठलं ह्ये ध्यानात ठिवायला एक माणूस पगारानं ठेवा."

ओमकारला हसू फुटलं, पण अण्णांचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. भांडण मात्र थांबलं नाही. पंचांनी ठरवलं ते मोडायचं कसं, असं अण्णांचं म्हणणं. आधी चूक कुणाची ते ठरू दे, असं ओमकारचं. जोतिबा म्हणाला, टायर ठरल्याशिवाय मी पेटीला हात लावणार नाही, दुरुस्त करून दिली आणि पुन्हा गेली तर माझं नाव खराब.

रचना इतका वेळ बाकड्यावर बसून होती. उन्हं कललेली तिला भिंतीवर दिसली. ती उठली, पिशवी खांद्याला लावली. पिशवीत तेलाची बाटली आणि आईचं धुतलेलं लुगडं होतं.

"अण्णा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, तिला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. "चूक कुणाची ते तुम्ही दोघं ठरवा. मला त्याच्यातलं काही नको. माझी नव्हती, एवढं ठरलं ना?"

अण्णांनी जमिनीवरच्या खडूच्या रेघांकडं पाहिलं.

"आई सकाळपासून वाट बघतेय. मी जाते. गाडीशिवाय यायला लागलं तर एस.टी.नं येईन, पण गुरुवार सोडणार नाही. परतीला गाडी चुकली तर आईकडं राहीन." ती थांबली. "दर आठवड्याला चुकली तर दर आठवड्याला राहीन."

आणि ती चालायला लागली. ओमकार दोन पावलं मागं आला, मग थांबला.

आईचं घर तिथून लांब नव्हतं. अंबुबाई दारातच, "किती उशीर गं! मला वाटलं घाटात काय तरी..." बायाक्का कॉटवर बसून होती. निजली नव्हती. मुलीला पाहून तिची वाकडी झालेली ओठांची कड थरथरली. "ग... गाडीचा आवाज न्हाय आला," ती जड जिभेनं म्हणाली.

"गाडी बिघडली आई. मी आले ना."

पाणी तापलं. अंघोळ झाली. रचनानं पाण्याचा पेला तोंडाला लावला तेव्हा लक्षात आलं की घसा किती कोरडा पडलाय. मग तिनं आईचे केस विंचरले, पाय चोळले, उजव्या पायाची बोटं एकेक करून हलवली.

"चल आता. उंबऱ्यापातूर."

बायाक्का उठली. डावा पाय पुढं, मग उजवा ओढत. भिंतीला हात. दोघी अर्ध्यात आल्या आणि दारात सावली पडली. एक नव्हे, दोन. अण्णा आणि ओमकार चपला काढत होते. अण्णांच्या हाताला तेलाचा काळा डाग होता, म्हणजे त्यांनी आत हात घालून स्वतः बघितलं होतं. लोकांच्या सांगण्यावर अण्णांचा विश्वास कधीच पुरा बसत नसे.

बायाक्का भर खोलीत थांबली. दोघांना वाटलं ती संकोचली. पण तिनं डावा हात रचनाच्या हातातून सोडवून पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "या की, पाव्हणं. कुणी... मोडली गाडी?"

ओमकारनं अण्णांकडं पाहिलं. रचना आईच्या पायांकडं बघत राहिली.

अण्णाच बोलले. "आमीच मोडली, आक्का. थोरल्या बैलाला आणि खोंडाला एका जुवाखाली धरलं आणि जू का मोडलं म्हणून गाडीवानाला शिव्या दिल्या." त्यांनी एक दम घेतला. "पोरीची चूक न्हवती. ती सांगत हुती. आमी ऐकलं न्हाय."

बायाक्का हसली. तोंडाच्या एकाच बाजूनं, पण हसली. "मग जू... नवं घ्या की."

"घ्यायचं हाय. त्येच इचारायला आलोय." अण्णा रचनाकडं वळले, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तिला काही विचारलं. "जोतिबा म्हणतोय, मूळ मापाची उंची शेताच्या वाटंला बी चालती आणि हायवेला बी. चारी त्याचीच घिऊ काय? चालिवणार तू हाईस, तुझं काय म्हणणं?"

"तीच घ्या, अण्णा. दाराच्या कडेला लिहिलंय त्या मापाची."

"आणि पुढची मागं, मागची पुढं करायची, त्ये तूच बघायचं. आमच्या दोघांत कुणाची कुठली ह्ये परत नको."

"बघीन."

"दिवाळीपासनं घरात ठेवायची म्हटलं हुतं मी," अण्णा म्हणाले. ते इकडंतिकडं बघायला लागले. कॉट आणि भिंत यांच्यामधली वाट अरुंद होती, बायाक्काचा उजवा पाय कॉटच्या पायाला अडत होता. अण्णा पुढं झाले, दोन्ही हातांनी कॉट उचलली आणि पलीकडच्या भिंतीला सरकवली. "ओम्या, उभा काय ऱ्हायलास? त्यो पाट घे तिकडं."

वाट मोकळी झाली. रचनानं आईच्या काखेत हात घातला.

पेटीचे भाग कोल्हापूरहून यायला वेळ लागणार होता. तोवरच्या गुरुवारी एस.टी., हे ठरलेलं होतं, आणि परत जायला आज मोटरसायकलवर तिघं बसणार कसे हेही अजून ठरायचं होतं. पण आत्ता त्याचं कुणालाच काही नव्हतं. बायाक्का उंबऱ्यापाशी आली. नेहमी इथं थांबायची. आज तिनं बाहेर अंगणात पाहिलं, अंबुबाईंकडं पाहिलं, दारात अवघडून उभ्या असलेल्या दोन्ही पाहुण्यांकडं पाहिलं.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. शब्द अगदी स्पष्ट आला.

आणि तिनं उजवा पाय उचलून उंबऱ्याच्या पलीकडं टाकला.